‘सा’वर न थांबणारी चाल

“मॅडम, आई माझं नाव विसरली. मला ‘बाई, तुम्ही कुठनं आलासा?’ म्हणून विचारते. पण माझा मुलगा एक चाल गुणगुणतो, ती ऐकली की लगेच मान वर करते आणि पुढचं स्वतः म्हणते. कुठलं गाणं ते कुणालाच माहीत नाही. पोटच्या पोरीला विसरलेल्या बाईला गाणं कसं आठवतं ओ? मुद्दाम करते काय? आणि ते गाणं शोधून रोज लावलं तर बाकीचं परत येईल काय?”

ताई हे एका दमात बोलल्या आणि मग खिडकीबाहेर बघत बसल्या. बेळगावच्या कॅम्प भागातलं जुनं कौलारू घर. आई पुढच्या खोलीत खुर्चीवर, मांडीवर घडी केलेला रुमाल. वय ऐंशीच्या आसपास. जवळजवळ चाळीस वर्षं चर्चच्या क्वायरमध्ये गायलेल्या. गुडघे गेले तेव्हा गाणं सोडलं, आणि त्यानंतर तीन-चार वर्षांत विसर सुरू झाला. घरच्यांच्या परवानगीनं, ओळखीच्या खुणा बदलून हे लिहिते आहे, कारण ताईंचा प्रश्न मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं. गाण्याच्या जागी कुणाकडे हरिपाठ असतो, कुणाकडे पाढे.

मुद्दाम करण्याबद्दल आधी बोलते, कारण घरात सगळ्यात जास्त जखमा त्या शंकेनं होतात. आई मुद्दाम काही करत नव्हत्या. आज सकाळी काय झालं, समोर कोण बसलंय, त्याचं नाव काय, हे लक्षात ठेवायला मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग लागतो, आणि अल्झायमरच्या आजारात पहिला मार बहुतेक वेळा त्याच्यावरच पडतो. शेकडो वेळा करून अंगात मुरलेल्या गोष्टींचा मार्ग वेगळा असतो. याच आईंच्या हातात ज्वारीच्या पिठाचा गोळा दिला तर त्या भाकरी थापत होत्या. ‘भाकरी कशी करतात सांगा’ म्हटलं तर सांगता येत नव्हतं. गाण्याचंही थोडं असंच आहे. २०१५ साली जर्मनीतल्या लायपझिगच्या संशोधकांनी असं दाखवलं, की फार पूर्वीपासून ओळखीचं संगीत ऐकताना मेंदूचे जे भाग कामाला लागतात, त्यांची अल्झायमरमध्ये बाकीच्या मेंदूच्या मानानं कमी झीज होते. म्हणजे मुलगी विसरली आणि गाणं आठवलं, यात आईंनी निवड केलेली नाही. ताईंना हे मी तीन भेटींत तीनदा सांगितलं. पहिल्या दोन वेळा त्यांनी नुसती मान हलवली.

पण त्या चालीकडे वळण्याआधी आणखी एक गोष्ट नीट करायची होती. फाइलमध्ये स्मृतीच्या चाचणीचे तीसपैकी नऊ गुण होते. चाचणी कानडीत घेतली होती. आई बाजारातलं कानडी सराईत बोलत, पण ‘आजची तारीख काय, हा मजला कितवा, मी सांगितलेले तीन शब्द परत सांगा’ असले प्रश्न दुसऱ्या भाषेत आले की निरोगी माणूसही अडखळतो. आपल्या सीमाभागात हे सारखं घडतं, आणि गुण कमी पडले की घरचे धास्तावतात. मराठीतून पुन्हा घेतली तेव्हा चौदा आले. निदान बदललं नाही, पण ताईंना थोडा श्वास घेता आला. ‘आपण कुठल्या राज्यात आहोत?’ याला आईंनी उत्तर दिलं, “मुंबई.” कागदावर ते चूकच धरावं लागतं. पण आईंचा जन्म १९४४ चा. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, त्याआधी ते मुंबई राज्यातच होतं. बारा वर्षांच्या मुलीचं उत्तर ऐंशी वर्षांच्या तोंडून आलं होतं. अलीकडचं आधी पुसलं जातं आणि जुनं मागाहून, हा या आजाराचा नेहमीचा क्रम. त्यामुळे आईंशी बोलायचं तर कुठल्या काळातलं बोलायचं, हे त्या एका ‘चुकीच्या’ उत्तरानं मला सांगितलं. ब जीवनसत्त्व बारा, थायरॉइड, लघवीचा संसर्ग हे डॉक्टरांनी तपासलेलं होतं. कान मात्र कुणी बघितले नव्हते. दोन्ही कानांत मळ घट्ट बसलेला. तो काढल्यावर आठवड्याभरात आई दाराच्या कडीचा आवाज ओळखू लागल्या.

आता ती चाल.

नातू दहावीतला. लहानपणी आजीच्या ओट्याशी बसून गृहपाठ करायचा, तेव्हा आजी भाकऱ्या करता करता हेच गुणगुणायच्या, म्हणून त्याच्या कानात बसलेलं. शब्द नाहीत. घरच्यांनी शोधायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. मोबाइलवर गाणं ओळखणारं अॅप लावून बघितलं, चर्चमधल्या तरुण मुलांना ऐकवलं, शेजारच्या भजनी मंडळातल्या बुवांनाही विचारून झालं. कुणाला काही लागेना. मग ताईंनी उपासनेच्या गाण्यांची मोठी यादीच मोबाइलवर भरली आणि दिवसभर लावून ठेवू लागल्या, यातलं एखादं तरी तेच निघेल या आशेनं.

काय होई ते मी स्वतः पाहिलं. गाणं सुरू झालं की आई काही वेळ ऐकत, मग ओठ हलवत आणि गाण्याबरोबर काहीतरी दुसरंच म्हणू लागत. ताई प्रेमानंच म्हणत, “आई, असं नाही गे, चुकलालं तुझं. हे ऐक बघू.” आणि आवाज वाढवत. आई गप्प होत. रुमालाची घडी मोडत, पुन्हा घालत, पुन्हा मोडत. अर्ध्या तासानं, “मला घरी जायचंय.”

मी नातवाला ती चाल चार-पाच वेळा म्हणायला लावली. मी गायिका नाही, पण लहानपणी पेटी शिकले आहे, तेवढ्यावर दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे चाल फारशी हलत नव्हती. तीन-चार सुरांतच खाली-वर, मधे एकच सूर सलग पाच-सहा वेळा. दुसरी गोष्ट नातवानंच सांगितली, “मॅडम, हे संपतच नाही. आजी थांबते, पण गाणं संपल्यासारखं वाटत नाही.” खरंच, शेवटचा सूर ‘सा’ नव्हता, खालचा ‘प’ होता. आपण भजन म्हणा, आरती म्हणा, शाळेतली कविता म्हणा, चाल बहुतेक वेळा घरी येऊन ‘सा’वर टेकते. ही दारातच उभी राहत होती.

मी ती मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि एका निवृत्त ऑर्गनवादकांकडे खानापूरला घेऊन गेले. आता नजर गेली आहे, पण बोटं शाबूत. त्यांनी एकदाच ऐकलं आणि हसले. “ही चाल नव्हे ओ. हा आल्टो आहे.”

ज्यांचा क्वायरशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. चार आवाजांच्या क्वायरमध्ये सगळे एकच चाल गात नाहीत. आपण ज्याला गाण्याची चाल म्हणतो ती सहसा बायकांचा वरचा आवाज, म्हणजे सोप्रानो गातो. बायकांचा खालचा आवाज आल्टो, पुरुषांचा वरचा टेनर आणि खालचा बास. हे तिघे त्या चालीला टेकू देणारे दुसरे सूर त्याच वेळी गातात. चाल ‘सा’वर संपते तेव्हा आल्टोला अनेकदा त्याच स्वरमेळातला ‘ग’ किंवा ‘प’ मिळतो. आल्टोची ओळ एकटीच ऐकली तर ती गाण्यासारखी वाटतच नाही. बाकांवर बसलेली मंडळी ती घरी गुणगुणत जात नाहीत. तिला नाव नसतं, कारण नाव चालीला असतं.

म्हणजे आई मोबाइलबरोबर चुकीचं गात नव्हत्या. चाळीस वर्षं जे गायच्या तेच, बिनचूक, गात होत्या. आणि आम्ही त्यांना थांबवत होतो.

हे ताईंना सांगताना मला जड गेलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मी रोज तिला चुकलीस म्हणाले.” मी त्यांना समजावायला गेले नाही. फक्त एवढं सांगितलं, की ते शब्द आईंना आठवत नाहीत. पण त्या शब्दांनी मन खट्टू झालं असेल तर ते तसं राहू शकतं, कारण या आजारात प्रसंग विसरला जातो आणि त्याची भावना मागे रेंगाळते. हे दोन्ही बाजूंनी खरं आहे. चांगलं वाटलेलंही तसंच रेंगाळतं, आणि आम्हाला काम त्याच्यावर करायचं होतं.

मग गाणं कुठलं? वादकांनी आपल्या पायपेटीवर त्या ओळीच्या वर एकेक चाल बसवून बघितली. दोन अगदी चपखल बसल्या, तिसरी अर्ध्यापर्यंत. आल्टोच्या साध्या ओळी एकमेकींसारख्या असतात, वेगवेगळ्या गाण्यांत जवळजवळ तीच ओळ सापडू शकते. त्यात एकाच चालीवर निरनिराळे शब्द म्हणण्याची क्वायरची पद्धत. यातली कुठली आईंची, हे त्यांना ठामपणे सांगता आलं नाही, आणि आईंच्या वेळच्या आल्टोतल्या दुसऱ्या कुणी आता हयात नाहीत. शोध तिथेच थांबला. ताईंना नाव हवं होतं, मलाही हवं होतं. पण ज्या कामासाठी हवं होतं ते नावावाचून होणार होतं.

वादकांनी त्या दोन चालींपैकी सोपी नातवाला शिकवली. पेटीवर नाही, गळ्यावर. मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या. पट्टी खालची धरायची, कारण वय वाढलं की बाईचा आवाज उतरतो आणि कानही आधी वरच्या सुरांना मुकतात. मोबाइलमधली गाणी आईंना दोन्हीकडून उंच पडत होती. दुसरं, टीव्ही बंद, पंखा हळू, आणि समोर बसून म्हणायचं, पाठीमागून नाही. तिसरं, पहिली ओळ म्हणून झाल्यावर लगेच दुसरी सुरू करायची नाही. हात किंचित वर उचलायचा आणि थांबायचं.

त्या दिवशी मी तिथे होते. नातवानं पहिली ओळ म्हटली, हात उचलला. आईंची पाठ खुर्चीपासून सुटली. हनुवटी वर आली. आणि त्यांनी श्वास घेतला. ओळ सुरू व्हायच्या आधीचा, पोटातून घेतलेला, मोजून घेतलेला श्वास. सबंध क्वायर एकदम घेते तसा. नातवानं दुसरी ओळ वर धरली आणि आजी खालून आल्या. घरात पहिल्यांदा ती ओळ गाण्यासारखी ऐकू आली. शेवटी नातू ‘सा’वर टेकला, आई ‘प’वर, आणि गाणं संपलं. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. आईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, “बाई, तुम्ही पण म्हणता काय?”

नाव नाही आलं. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण इंटरनेटवर फिरणाऱ्या चित्रफिती इथे थांबतात आणि बघणाऱ्याला वाटतं, आता सगळं परत येणार. येत नाही. गाण्यानं मन शांत होतं, उदासी कमी होऊ शकते, पाच-दहा मिनिटं माणूस आपल्यात येऊन बसतो. आजाराची चाल त्यानं उलटी फिरत नाही. पुढच्या चाचणीत आईंचे गुण बाराच आले.

पण घरातला दिवस बदलता आला. सगळ्यात मोठी मारामारी आंघोळीची होती. आई अंगावरचं लुगडं सोडू देत नसत, एकदा ताईंच्या मनगटाला चावल्या होत्या. परक्या बाईनं कपडे काढायला लावले तर कुणीही चावेल, आणि त्यांच्या लेखी ताई परक्याच होत्या. आम्ही गाणं आंघोळीच्या वेळी सुरू केलं नाही. अर्धा तास आधी सुरू केलं, आई अजून शांत असताना. भांडण पेटल्यावर लावलेलं गाणं भांडणाचाच भाग होतं, ही चूक मी अनेक घरांत पाहिली आहे. रोज सकाळी नातू शाळेला निघण्यापूर्वी दोन वेळा, हळू, मग चहा, मग ताई तीच वरची चाल म्हणत आईंना न्हाणीघराकडे घेऊन जात. मी एका वहीत तीन रकाने आखून दिले होते. किती वाजता गायलं, आंघोळ झाली की नाही, आणि हात-रुमाल कसे होते. पहिल्या पंधरवड्यात सहा दिवस आंघोळ झाली, दुसऱ्यात अकरा. ज्या दिवशी झाली नाही त्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसून घेतलं आणि विषय सोडला.

रुमालाचा रकाना मला सगळ्यात उपयोगी पडला. घडी घालणं थांबलं म्हणजे गाणं पोचतंय. घडी जोरात मोडायला लागल्या, कपाळाला आठी, मान वळली, म्हणजे पुरे. दोनदा आई गाताना रडल्या. ताईंनी घाबरून बंद केलं. मी म्हटलं, त्या वेळी त्यांचा हात धरून बघा. हात घट्ट धरून त्या पुढे गात असतील तर गाऊ द्या, हात झटकला तर थांबा. तिसऱ्या वेळी त्यांनी हात धरला, आईंनी सोडला नाही.

दिवसभर चालणारी ती मोबाइलची यादी मी बंद करायला लावली. ज्याला आवाज आवाजापासून वेगळा काढता येत नाही त्याच्यासाठी सतत वाजणारं गाणं म्हणजे बाजार. वीस मिनिटं पुरेत, दिवसातून एकदा, फार तर दोनदा.

संध्याकाळची अस्वस्थता मात्र आमच्या हाती लागली नाही. दिवे लागायच्या सुमारास आई उठून दाराशी जात, “उशीर झाला” म्हणत. क्वायरची तालीम संध्याकाळची असायची, तेव्हा ताईंना वाटे, आईला तालमीला जायचं असणार. असेलही. पण या आजारात संध्याकाळी बेचैन होणारे पुष्कळ असतात, ज्यांनी आयुष्यात कधी तालीम केलेली नाही तेही. त्यामुळे मी त्यातून अर्थ काढला नाही. आम्ही चार वाजता खोलीतले दिवे लावायला लागलो, दुपारची झोप कमी केली, आणि आई दाराशी गेल्या तर त्यांना ‘बस, कुठं चाललीस’ न म्हणता त्यांच्याबरोबर अंगणात एक फेरी मारायची असं ठरलं. थोडा फरक पडला, फार नाही.

सात महिन्यांनी ओळीचा शेवट गळायला लागला. आई सुरुवात करत आणि मधेच थांबत. नातू बोर्डाच्या परीक्षेत, ताईंचा घसा बसलेला, तेव्हा दिवसाला एक मावशी ठेवल्या होत्या, अनगोळकडच्या, कानडी बोलणाऱ्या. त्यांना आल्टोही माहीत नाही आणि सोप्रानोही. घरात ऐकून ऐकून त्यांच्या तोंडी ते बसलं, आणि त्या त्याला ‘अज्जी हाडू’ म्हणायच्या, आजीचं गाणं. गेल्या भेटीत मी बसले असताना त्या आईंचे केस विंचरत होत्या आणि ते गुणगुणत होत्या. ओळ शेवटाला आली आणि मावशींचा सूर सवयीनं ‘सा’कडे चढला.

आईंनी डोळे मिटलेलेच होते. म्हणाल्या, “खाली.”

मावशींनी माझ्याकडे बघितलं, आणि खाली आणला.